समोरच्या दाराचे आभार

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात ज्येष्ठ सभासदांच्या मनोगताच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला 'सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या आठवणी' असा विषय दिला होता. पाण्याची टाकी, लिफ्टची वर्गणी, पार्किंगचे वाद यावर आधीच्या वक्त्यांनी छान सांगितलं. मी माझी दहा-पंधरा मिनिटं एकाच कामासाठी वापरणार आहे. मला जाहीर आभार मानायचे आहेत. ज्यांचे मानायचे त्यांनी एक अट घातली आहे, "काका, नाव घेतलंत तर मी उठून जाईन." म्हणून नाव घेत नाही. आमच्या मजल्यावर माझ्या दारासमोर जे दार आहे, त्या दारातल्या ताई आणि त्यांचे यजमान, एवढं सांगितलं की इथल्या सर्वांना कळतं.

आमच्या सौभाग्यवतींना आपण सगळे 'बाई' म्हणत होता. तीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत शिकवलं. नोव्हेंबर २०१९ मधल्या एका गुरुवारी सकाळी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या गेल्या. मधली सव्वातीन वर्षं आमच्या घरात आजारपण होतं. "शेजाऱ्यांनी खूप केलं" असं एका वाक्यात म्हणून मी खाली बसू शकतो. पण चाळीस वर्षं बँकेत काढलेला माणूस आहे. जमा रक्कम नुसती 'बरीच' असं लिहून खातं बंद होत नाही. काय जमा झालं, कधी झालं आणि त्याने काय फरक पडला, हे लिहावं लागतं. तेच आज सांगतो.

पहिली नोंद आहे एका वेळेची.

त्या दिवशी मी सहा वाजता नेहमीप्रमाणे कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर फिरायला गेलो, तेव्हा बाई झोपलेल्या होत्या. साडेसातच्या सुमारास परत आलो, तर त्या स्वयंपाकघरात ओट्याशी जमिनीवर बसलेल्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लोंबलेला, बोलायला जात होत्या पण शब्द उमटत नव्हता. मी समोरचं दार वाजवलं. पुढच्या पाच मिनिटांत ताईंनी खालच्या मजल्यावरच्या दोन मुलांना बोलावलं, एकाला गाडी काढायला लावली. आपल्या लिफ्टमध्ये माणूस आडवा मावत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. ताईंनी घरातली हाताची प्लास्टिकची खुर्ची आणली, बाईंना ओढणीने खुर्चीला बांधलं आणि मुलांनी तीन मजले ती खुर्ची जिन्याने खाली नेली. गाडीत मागे बाईंचं डोकं धरून ताई स्वतः बसल्या.

दवाखान्यात सव्वाआठला पोचलो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, "पेशंट धडधाकट असताना शेवटचं कोणी आणि किती वाजता पाहिलं?" मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल, तर ती विरघळवणारं इंजेक्शन असतं. ते झटका आल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशीर झाला की उपयोग कमी होत जातो आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. झटका नेमका कधी आला हे कोणी पाहिलेलं नसेल, तर डॉक्टर वेळ मोजतात ती माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून. मी पाहिलं होतं रात्री साडेदहाला, झोपताना. त्या हिशेबाने पावणेदहा तास उलटून गेले होते. म्हणजे ते इंजेक्शन जवळपास हातचं गेलं होतं.

ताई मागून म्हणाल्या, "नाही डॉक्टर, काकू पावणेसातला चांगल्या होत्या. मुलाला क्लासला पाठवायला मी दार उघडलं, तेव्हा त्या दुधाच्या पिशव्या उचलत होत्या. माझ्याशी बोलल्या, थंडी वाढली म्हणाल्या. पिशव्या उजव्याच हातात होत्या." डॉक्टरांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मुलाच्या क्लासची वेळ सातची, म्हणून तो रोज पावणेसातला निघतो, हेही ताईंनी सांगितलं. डोक्याचा सीटी स्कॅन झाला. आधी स्कॅन करतात, कारण रक्तस्रावामुळे झटका आला असेल तर हे इंजेक्शन घातक ठरतं. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. नऊ वाजायच्या आत इंजेक्शन सुरू झालं.

त्या इंजेक्शनने नेमकं किती वाचलं, हे कोणी सांगू शकत नाही. डॉक्टरांनीही स्पष्ट सांगितलं होतं की, सगळ्यांना सारखा गुण येत नाही. बाईंचा उजवा हात पुढे कधीच आला नाही. पण पाचव्या महिन्यात त्या आधाराने उभ्या राहिल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ पलंगावरून खुर्चीपर्यंत चार पावलं टाकत होत्या. ती संधी मिळाली ती ताईंनी सांगितलेल्या एका वेळेमुळे.

दुसरी नोंद आहे कुशीची.

एकोणीस दिवसांनी बाईंना घरी आणलं. उजवी बाजू लुळी, बोलणं बंद, नाकातून अन्नाची नळी. ताई भेटायला आल्या. सगळे भेटायला येणारे पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून चौकशी करत. ताईंनी आधी हात धुतले, मग मला विचारून बाईंना कुशीवर केलं आणि पाठ पाहिली. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग होता. त्यांनी त्यावर बोट दाबून सोडलं. निरोगी कातडी दाबली की पांढरी पडते आणि सोडल्यावर पुन्हा लाल होते. तो डाग पांढरा पडलाच नाही, लालच राहिला. "काका, ही बेडसोअरची सुरुवात आहे," त्या म्हणाल्या. "आज डॉक्टरांना फोन करा, आणि आजपासून दर दोन तासांनी कूस बदलायची."

त्यांना हे कुठून माहीत? निफाड तालुक्यात त्यांचं सासर. सासरे अंथरुणाला खिळले होते, तेव्हा घरच्यांनी असाच डाग पावडर लावून चोळला. चोळल्याने आतली दुखावलेली कातडी आणखी फाटते. पंधरा दिवसांत तिथे मूठ जाईल एवढी जखम झाली. ती जखम ताईंनी सहा महिने धुतली होती. म्हणून त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "चोळायचं नाही. फक्त त्यावरचा भार काढायचा."

भार काढायचा कसा, ते त्यांनी करून दाखवलं. माणसाला पूर्ण कुशीवर उभं केलं तर सगळं वजन खुब्याच्या हाडावर येतं. म्हणून पाठीमागे उशी घालून थोडंसंच कलतं ठेवायचं. पोटऱ्यांखाली उशी अशी घालायची की टाचा गादीला टेकणारच नाहीत. चादरीला सुरकुती ठेवायची नाही. लुळ्या बाजूवर कमी वेळ झोपवायचं, कारण तिथे दुखलं तरी माणसाला कळत नाही. आम्ही हवेची गादी आणली होती. ती आणली की कूस बदलायची गरज नाही, असा माझा समज करून देण्यात आला होता. ताईंनी गादीखाली हात घालून पाहायला शिकवलं. हाताला वरून हाड टेकल्यासारखं लागलं तर हवा कमी आहे. आणि गादी कितीही चांगली असली तरी कूस बदलावीच लागते.

आता यात शेजाऱ्याची गरज कुठे येते, ते सांगतो. साठ किलोच्या माणसाला एकट्याने सरकवायचं म्हणजे ओढावं लागतं. ओढलं की गादीला घासून कातडी सोलते. म्हणजे ज्यासाठी कूस बदलायची तेच बिघडतं. दोघं असतील तर अंगाखाली खांद्यापासून मांडीपर्यंत एक घडी घातलेली आडवी चादर ठेवता येते, दोन्हीकडून ती धरून माणूस उचलला जातो आणि अंग घासत नाही. दिवसा कामाला येणाऱ्या मावशी असायच्या, सकाळी आठ ते दुपारी दोन. बाकी वेळ मी एकटा. मुलगा परदेशात. माझं वय तेव्हा एकाहत्तर.

ताईंनी जुन्या वहीत रकाने आखले. वेळ, डावी कूस, पाठ, उजवी कूस, आणि शेवटी 'डाग'. दुपारी चार आणि संध्याकाळी सहाची कूस त्यांची, रात्री आठ आणि दहाची त्यांच्या यजमानांची. भाऊ सातपूरला कारखान्यात पहिल्या पाळीला. पहाटे पाचला उठणारा माणूस रात्री दहा वाजता माझ्या घरी येऊन चादरीचं टोक धरायचा आणि "झालं काका" म्हणून जायचा. पाच मिनिटंही बसायचा नाही. अकराव्या दिवशी त्या वहीत 'डाग' या रकान्यात ताईंनी 'फिका' लिहिलं. तिसऱ्या आठवड्यात 'नाही' लिहिलं. सव्वातीन वर्षांत बाईंना एकही उघडी जखम झाली नाही. फिजिओथेरपीला येणारे डॉक्टर ती वही पाहून म्हणाले होते, "हे घरी जमत नाही सहसा."

मार्च २०२० च्या शेवटी लॉकडाऊन लागला आणि मावशींचं येणं थांबलं. फिजिओथेरपी मोबाईलच्या व्हिडिओवर आली. त्या दिवसांत लोक एकमेकांच्या दाराकडे पाहायलाही घाबरत होते. ताई मास्क लावून, दारातच हात धुऊन येत होत्या. त्या दोन महिन्यांत त्यांनी दुपारी दोनची कूसही आपल्याकडे घेतली. वहीत एकही रकाना रिकामा नाही.

तिसरी नोंद चमच्याची.

नाकातली नळी पाचव्या आठवड्यात निघाली, तेव्हा मला वाटलं की आता सुटलो. खरं तर इथून पुढचं काम जास्त नाजूक होतं. पक्षाघातात गिळण्याचे स्नायूही दुबळे होतात. अशा माणसाला सर्वांत अवघड काय जातं, तर साधं पाणी. पाणी पातळ, ते झटकन घशात उतरतं आणि श्वासनलिकेचं दार मिटायच्या आत फुप्फुसाकडे जातं. पोळीचा तुकडा अडकला तर दिसतो. पाणी चुकीच्या वाटेने गेलेलं दिसत नाही. कधी ठसका लागतो, कधी तोही लागत नाही. आवाज ओला, घरघरल्यासारखा येतो, डोळ्यांत पाणी येतं, आणि एक-दोन दिवसांनी ताप चढतो. तो न्यूमोनिया असू शकतो.

गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांनी सांगितलं की, सगळं दाटसर द्या. दाटसर म्हणजे किती, हा प्रश्न माझ्यासारख्या चहा करण्यापलीकडे न गेलेल्या माणसाला कसा कळावा? ताईंनी त्याचं माप शोधलं. चमचा तिरका केला की पदार्थ धारेने किंवा थेंबाने पडता कामा नये. गोळा होऊन हळूच घसरला पाहिजे, आणि चमच्याला चिकटूनही राहता कामा नये. ते माप त्यांनी तज्ज्ञांना दाखवून पक्कं करून घेतलं. मग नाचणीची पेज, मुगाच्या डाळीची गुरगुट्या खिचडी, दुधीची गाळलेली भाजी, दाट ताक. रोज संध्याकाळचा डबा समोरून यायचा, आणि दारातच त्या चमचा तिरका करून दाखवायच्या.

भरवायची पद्धतही ठरलेली. पाठ सरळ ताठ बसवायची, हनुवटी किंचित छातीकडे, चमचा अर्धाच भरायचा आणि चांगल्या बाजूने, म्हणजे डावीकडून द्यायचा. एक घास पूर्ण गिळल्याशिवाय दुसरा नाही. शेवटी उजव्या गालात बोट फिरवून पाहायचं, कारण लुळ्या गालात घास साठून राहतो आणि आडवं केल्यावर घशात सुटतो. जेवण झाल्यावर अर्धा तास बसवूनच ठेवायचं. एक वाटी खिचडीला पाऊण तास लागायचा. घाई करणाऱ्याचं ते काम नाही. पाहुणे आले आणि प्रेमाने पाण्याचा पेला पुढे करू लागले, की ताई त्यांना अडवायच्या. काही नातेवाइकांना राग आला. ताईंनी तो राग स्वतःकडे घेतला, माझ्याकडे येऊ दिला नाही.

चौथी नोंद पाढ्याची. ही माझ्या मनात सर्वांत वर आहे.

बाईंचं बोलणं गेलं होतं. समजत सगळं होतं. बोलायला गेल्या की एकच अक्षर यायचं आणि त्या चिडून तोंड फिरवायच्या. तीस वर्षं वर्गात बोललेली बाई. एका संध्याकाळी ताई कूस बदलायला आल्या. त्यांची धाकटी मुलगी, तेव्हा दुसरीत, पलंगाशी बसून पाढे पाठ करत होती. 'बे एके बे, बे दुणे चार' झालं आणि ती 'बे त्रिक' म्हणून अडखळली. पलंगावरून आवाज आला, "सहा." अस्पष्ट, पण सहा. आम्ही तिघंही थांबलो. ताईंनी मुलीला हळूच म्हटलं, "पुढे म्हण." बाईंनी तिच्याबरोबर वीसपर्यंत पाढा म्हटला.

मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं की, नवीन वाक्य जुळवणं आणि पाठ झालेलं म्हणणं या मेंदूच्या एकसारख्या वाटा नाहीत. डाव्या मेंदूला मार बसला तरी आकडे, वारांची नावं, स्तोत्रं, गाणी पुष्कळदा शिल्लक राहतात. म्हणून बोलणं परत आलं असं समजू नका, पण हे सोडूही नका. ताईंनी सोडलं नाही. रोज संध्याकाळी सहाला कूस बदलली की पंधरा मिनिटं शाळा भरायची. पाढे, वार, महिने, मग शुभंकरोति, आणि नवरात्रात भोंडल्याची गाणी. बाई पाणी हवं असं सांगू शकत नव्हत्या. त्यासाठी आम्ही चित्रांचा पुठ्ठा केला होता. पण त्या मुलीच्या चुका काढू शकत होत्या. ती बारा साते चुकली की बाईंचा डावा हात वर व्हायचा. सोसायटीत इतरांना वाटायचं की ताई रुग्णसेवा करतात. माझ्या बाईंना वाटायचं की त्या एका मुलीला शिकवत आहेत. ती मुलगी आज सातवीत आहे आणि तिचे तीसपर्यंत पाढे पाठ आहेत.

शेवटची नोंद माझ्या स्वतःच्या नावावर.

आजारपणात सगळे म्हणतात, "काही लागलं तर सांगा." मनापासून म्हणतात. पण सांगणार कसं? सांगायचं म्हणजे दर वेळी हात पसरायचा. मी आयुष्यभर काउंटरच्या पलीकडे बसलेला, मला ते जमलं नसतं. ताईंनी असं कधीच म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "मंगळवारी आणि शुक्रवारी चार ते सहा मी काकूंजवळ बसणार. तुम्ही घराबाहेर जायचं." मी म्हटलं, "मला कुठे जायचंय?" तर म्हणाल्या, "कुठेही जा, पण इथे बसू नका."

त्या दोन तासांत मी काय केलं? औषधं आणली, नोव्हेंबरात हयातीचा दाखला देऊन आलो, दाढी करून आलो. पुष्कळदा सोसायटीच्या बागेतल्या बाकावर नुसता झोपलो. रुग्णाजवळच्या माणसाला पुरेशी झोप मिळाली नाही की त्याचाच रक्तदाब चढतो. माझाही चढला होता. या दोन ठरलेल्या दुपारींमुळे तो आटोक्यात राहिला, असं माझे डॉक्टर म्हणतात. वेळ ठरलेली होती म्हणून मला कधी मागावं लागलं नाही. आवर्ती ठेवीचं असंच असतं. हप्ता छोटा, पण तारीख चुकत नाही.

शेवटच्या आठ महिन्यांत बाई पुन्हा पूर्ण अंथरुणाला लागल्या. शेवटी न्यूमोनियाच झाला. एवढी काळजी घेऊनही झाला. या आजारात तो धोका कमी करता येतो, संपवता येत नाही. त्या गेल्या तेव्हा त्यांना आंघोळ घालताना ताईंनी पाठ पाहिली आणि मला म्हणाल्या, "काका, कातडी स्वच्छ आहे." त्या वेळी दुसरं कुठलंच सांत्वन मला उपयोगी पडलं नसतं.

पुढे एकदा मी पाकीट घेऊन त्यांच्या दारात गेलो. डब्यांचा, जाण्यायेण्याचा तरी खर्च घ्या म्हटलं. त्या म्हणाल्या, "जायला-यायला सहा पावलं लागतात काका. त्याचं काय भाडं घेऊ?" आणि दार लावलं नाही, चहा ठेवला.

म्हणून मी दुसरं काही केलं आहे, त्याची माहिती देतो आणि थांबतो. बाईंची चाकाची खुर्ची, हवेची गादी आणि पंप, पलंगावर टेकून बसायचा आधार आणि जेवणाचं फिरतं टेबल, हे सामान मी सोसायटीच्या कार्यालयात ठेवलं आहे. कोणालाही लागलं तर वॉचमनकडे किल्ली आहे. अर्ज नको, अनामत नको. ताईंच्या त्या वहीच्या रकान्यांची कोरी पानं छापून तिथेच ठेवली आहेत. आणि कार्यकारिणीने माझी एक विनंती मान्य केली आहे. जिन्याने माणूस खाली नेता येईल अशी पट्ट्यांची घडीची खुर्ची सोसायटी घेणार आहे. ती तळमजल्यावर लिफ्टशेजारी राहील.

ताई, भाऊ, तुम्ही तिसऱ्या रांगेत बसला आहात, मला दिसताय. नाव घेतलेलं नाही. वहीतल्या सगळ्या नोंदी वाचल्या असत्या तर रात्र झाली असती, म्हणून थोड्याच सांगितल्या. बाईंच्या वतीने, माझ्या मुलाच्या वतीने आणि माझ्या स्वतःच्या वतीने मी तुम्हा दोघांचे आणि पाढे म्हणणाऱ्या आपल्या धाकटीचे सर्वांसमक्ष आभार मानतो.